इंट्रो, आउट्रो आणि नावाची पट्टी: दर आठवड्याच्या शैक्षणिक व्हिडिओसाठी एकदाच करायचा साचा

आम्ही दोघं शिक्षक दर रविवारी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी विज्ञानाचा एक व्हिडिओ टाकतो. सुरुवातीचे काही महिने शनिवारची रात्र एकाच कामात जायची: मागच्या आठवड्याची पट्टी शोधा, सापडली नाही की नवी करा, निळा रंग अंदाजाने जुळवा. आज ते भाग ओळीने लावले तर पाच वेगवेगळे निळे दिसतात. मग वैतागून साचा केला, पण तोही चुकला. आउट्रोमध्ये आम्ही व्हॉट्सॲपचा नंबर ठळक लिहून ठेवला होता. सहा महिन्यांनी तो नंबर बंद झाला आणि एकोणीस व्हिडिओंच्या शेवटी तो अजूनही झळकतोय. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ तसाच ठेवून त्यातल्या चित्राच्या जागी दुसरं चित्र घालता येत नाही. काढून नव्याने टाकला तर जुनी लिंक, प्रतिक्रिया, सगळंच जातं.

त्यामुळे साचा करताना आधी एकच प्रश्न विचारायचा: ही गोष्ट चित्रात कायमची जाणार आहे, की नंतर बदलता येईल अशा जागी राहणार आहे? खालच्या सगळ्या पायऱ्या त्या प्रश्नाभोवती आहेत.

## काय लागेल

संपादनासाठी मी केडेनलाइव्ह वापरतो. ते फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, आणि देवनागरी जोडाक्षरं नीट दाखवतं. तुमचं सॉफ्टवेअर वेगळं असेल तर बटणांची नावं बदलतील, मापं आणि सापळे तेच राहतील. प्रीमियर वापरत असाल आणि अक्षरं फुटत असतील, तर आधी सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन `South Asian and Middle Eastern` करा. निम्मे लोक इथेच हात टेकतात.

याशिवाय:

- चॅनेलचं बोधचिन्ह, पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी फाइलमध्ये
- युनिकोड देवनागरी फॉन्ट आणि त्याची मूळ फाइल
- चार-पाच सेकंदांचं संगीत आणि त्याच्या परवान्याची नोंद
- पाहुण्याने स्वतः लिहून पाठवलेलं नाव आणि ओळख

शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ती फोनवर ऐकून लिहू नका. ‘डॉ.’ लावायचं की नाही, वडिलांचं नाव हवं का, पहिली वेलांटी की दुसरी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पट्टीवर ‘सर’ आणि ‘मॅडम’ मात्र आम्ही लिहीत नाही. ते तोंडी म्हणायचं.

## १. आधी कागदावर दोन रकाने करा

एका बाजूला कधीच न बदलणाऱ्या गोष्टी लिहा: चॅनेलचं नाव, बोधचिन्ह, रंग, सूर. दुसऱ्या बाजूला दर आठवड्याला बदलणाऱ्या: भागाचा विषय, पाहुण्याचं नाव, घरी करायचा प्रश्न. खरी गंमत तिसऱ्या प्रकाराची आहे, म्हणजे आज कायम वाटणाऱ्या पण वर्षभरात बदलणाऱ्या गोष्टी. फोन नंबर, ‘दर रविवारी सकाळी ९ वाजता’, शैक्षणिक वर्ष, शाळेचं नाव, ‘पुढच्या भागात पाहा’. यातली एकही गोष्ट चित्रात घालू नका. ती व्हिडिओखालच्या वर्णनात किंवा एंड स्क्रीनवर, म्हणजे व्हिडिओच्या शेवटी यूट्यूब चित्रावर दाखवतं त्या दुव्यांत ठेवा, कारण त्या दोन्ही जागा नंतर दुरुस्त करता येतात.

## २. प्रकल्पाची मापं एकदाच ठरवा

१९२० × १०८० पिक्सेल आणि सेकंदाला ३० चौकटी. बहुतेक फोन ३०नेच चित्रण करतात, म्हणून हा आकडा. तुमचा कॅमेरा २५ने घेत असेल तर साचाही २५चा करा. इंट्रो २५चा आणि भाग ३०चा असला की सरकणारं बोधचिन्ह बारीक झटके देत जातं. ते संगणकाच्या छोट्या खिडकीत कळत नाही, शाळेतल्या मोठ्या टीव्हीवर लगेच कळतं.

चारही बाजूंनी ५ टक्के जागा मोकळी सोडा. म्हणजे डावी-उजवीकडे ९६ पिक्सेल आणि वर-खाली ५४. काही टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतात, आणि आमचे भाग पेनड्राइव्हवरून शाळांच्या टीव्हीवरही लागतात.

## ३. नावाची पट्टी

वृत्तवाहिन्यांत हिला ॲस्टन म्हणतात. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण तयार मिळणारे बहुतेक साचे रोमन अक्षरांसाठी बनवलेले असतात आणि देवनागरी त्यात कोंबली की ती गुदमरते.

पट्टी कुठे ठेवायची? अगदी तळाशी नाही. तिथे प्लेअरची पट्टी येते आणि मधोमध यूट्यूबची उपशीर्षकं येतात. आमची पट्टी डावीकडून ९६ पिक्सेलवर सुरू होते, वरची कड ७०० आणि खालची ९०० वर. खाली १८० पिक्सेल मोकळे राहतात.

अक्षरं केवढी? सुरुवातीला मी नाव ५६ आणि हुद्दा ३६ पिक्सेलमध्ये लिहिला होता. संगणकावर झोकात दिसायचं. मग एका विद्यार्थिनीच्या आईने सांगितलं, “खालचं काही वाचता येत नाही हो.” हिशेब केला तेव्हा कारण कळलं. उभ्या धरलेल्या फोनवर चित्राची रुंदी साधारण ६८ मिलिमीटर असते. त्यात ३६ पिक्सेलच्या ओळीला मात्रा-उकारांसकट सव्वा मिलिमीटर मिळतो. आता नाव ७२ आणि हुद्दा ४८ आहे, म्हणजे अंदाजे अडीच आणि पावणेदोन मिलिमीटर. याहून लहान करू नका.

ओळीची उंची अक्षराच्या दीडपट धरा: नावाला १०८, हुद्द्याला ७२, वर-खाली १०-१० मोकळे. झाली २०० पिक्सेलची पट्टी. रोमन अक्षरांच्या मापाने पट्टी केली की वरचा रफार-अनुस्वार आणि खालचा उकार कापला जातो. तपासण्यासाठी पुढची ओळ साच्यात टाकून पाहा:

सर्वांगीण कऱ्हाड ज्ञान शुद्ध राष्ट्रीय हृदय

‘र्वां’वरचा रफार आणि अनुस्वार शाबूत आहेत का, ‘ष्ट्री’चा तळ पट्टीत मावतो का, ‘ऱ्ह’ची चंद्रकोर दिसते का, एवढं पाहिलं की बहुतेक नावं पार पडतात. ‘कऱ्हाडे’ऐवजी ‘कर्हाडे’ उमटत असेल तर दोष बहुधा फॉन्टचा नसून टंकलेखनाचा असतो. तिथे साधा र नको, नुक्ता असलेला ऱ हवा. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट आणि J दाबून येतो.

फॉन्ट म्हणून आम्ही मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ घेतला. तो मुक्त परवान्याचा आहे, आणि त्याच्या बारीक ते ठळक अशा अनेक जाड्या मिळतात. बारीक रेषांचे देखणे फॉन्ट छापील पानावर शोभतात, चालत्या चित्रावर त्यांच्या रेषा तुटतात. पाहुण्याने जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर पाठवला तर तो तुमच्याकडे अगम्य चिन्हांसारखा दिसेल. तो दुरुस्त करत बसू नका, नाव युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा.

आता रोमन सवयीचे तीन सापळे. पहिला, अक्षरांतलं अंतर. तयार साच्यात ते वाढवलेलं असतं, आणि त्याने आपली शिरोरेषा जागोजाग तुटते. ते शून्य करा. दुसरा, एकेक अक्षर टाइप होत जाण्याची करामत. ‘ज्ञानेश्वर’ त्यात आधी भलताच काहीतरी होतो आणि मग ज्ञानेश्वर होतो. पूर्ण नाव एकदम येऊ द्या. तिसरा, अक्षरांभोवतीची बाह्यरेषा. शेजारची दोन अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांत शिरतात, आणि बाह्यरेषा दिली की तिथे बारीक सांधे दिसतात. बाह्यरेषेऐवजी मागे ८५ टक्के अपारदर्शक गडद पट्टी द्या, काम भागतं.

### केडेनलाइव्हमध्ये ती बांधायची कशी

`Add Title Clip` उघडा. गडद आयत काढा, त्यावर नावाच्या जागी फक्त `%s` लिहा, ७२ पिक्सेल, डावीकडून सुरू. `naav.kdenlivetitle` म्हणून जतन करा. मग दुसरं शीर्षक: आयत नाही, फक्त हुद्द्याच्या जागी ४८ पिक्सेलचा `%s`. ते `hudda.kdenlivetitle`. दोन फाइली कशाला, असं वाटेल. कारण एका शीर्षकात दोन ठिकाणी `%s` लिहिलं तर दोन्हीकडे एकच मजकूर येतो. मीही आधी एकाच फाइलीत लिहिलं होतं आणि पाहुण्यांचं नाव दोनदा छापलं गेलं.

आता `Add Template Title` मधून दोन्ही आणा. प्रत्येक क्लिप निवडून `Clip Properties` मध्ये खरा मजकूर लिहा, आणि टाइमलाइनवर हुद्दा वरच्या ट्रॅकवर येईल असं एकावर एक ठेवा. दोन्हींना `Transform` इफेक्ट लावून अपारदर्शकता पहिल्या १० चौकटींत ० वरून १०० करा, शेवटच्या १० चौकटींत परत ०. मग दोन्ही निवडून Ctrl+G, म्हणजे त्या बरोबरच सरकतील.

एका भागात दोन पाहुणे असले की हमखास एक घोटाळा होतो. पहिल्याची पट्टी टाइमलाइनवर कॉपी केली आणि मजकूर बदलला, तर पहिल्या पाहुण्याचंही नाव बदलतं, कारण दोन्ही तुकडे एकाच मूळ क्लिपकडे बोट दाखवत असतात. आधी प्रोजेक्ट बिनमध्ये `Duplicate Clip` करा आणि मग त्या प्रतीत लिहा. आमच्या एका भागात दोन पाहुणे एकाच नावाने बोलले. तेव्हापासून हे विसरलो नाही.

हुद्दा एका ओळीत मावला पाहिजे. ‘सहायक प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र विभाग’ आणि पुढे महाविद्यालयाचं लांबलचक नाव, हे कुणी वाचत नाही. ‘वनस्पतिशास्त्र, सोलापूर’ पुरे. बाकीचं वर्णनात द्या.

## ४. इंट्रो: चार सेकंद, आणि तोही सुरुवातीला नाही

इंट्रो व्हिडिओच्या पहिल्याच क्षणी लावू नका. आधी प्रश्न, मग इंट्रो. शीर्षक वाचून आलेल्या मुलाला आपल्या बोधचिन्हाचं कौतुक नसतं.

चार सेकंद म्हणजे ३० च्या हिशेबाने १२० चौकटी. त्यात हलणारी पार्श्वभूमी आणि बोधचिन्ह कायमचं, विषय बदलता. म्हणून पार्श्वभूमी एकदा वेगळी रेंडर करा आणि विषयाचं शीर्षक `%s` घालून वरच्या ट्रॅकवर ठेवा. रेंडर करताना नेहमीचा एमपी-४ निवडला तर ही पार्श्वभूमी तीनदा दाबली जाते: आत्ता, भाग रेंडर करताना, आणि यूट्यूबवर. गडद निळा हळूहळू फिकट होणारी पार्श्वभूमी असेल तर त्यात पायऱ्या दिसायला लागतात. केडेनलाइव्हमध्ये `Lossless/HQ` गटातला पर्याय घ्या. फाइल मोठी होईल, पण ती चारच सेकंदांची आहे.

संगीताबद्दल सावध राहा. साच्यातली चूक प्रत्येक भागात जाते, आणि संगीताच्या हक्काचा दावा आला तर तो एका भागावर न येता सगळ्यांवर येऊ शकतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतली धून घेतलीत तरी तिच्यापुढे श्रेय देण्याची अट आहे का ते पाहा. असेल तर ती ओळ यूट्यूब स्टुडिओच्या अपलोड डिफॉल्ट्समध्ये घाला, म्हणजे दर वर्णनात आपोआप येईल.

आवाजाचं म्हणाल तर, बोलण्याचे चढ आमच्याकडे मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये असतात आणि इंट्रोचं संगीत उणे १५ च्या वर जाऊ देत नाही. मीटर नसेल तर हेडफोन लावा, बोलणं नीट ऐकू येईल इतका आवाज ठेवा आणि इंट्रो वाजवा. हात आवाज कमी करायला गेला तर संगीत मोठं आहे.

## ५. आउट्रो: वीस सेकंदांचं मोकळं अंगण

यूट्यूबची एंड स्क्रीन व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच लावता येते, आणि व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा लागतो. नेहमीच्या आडव्या व्हिडिओत जास्तीत जास्त चार घटक बसतात. पण त्याआधी एक तपासा: तुमचे व्हिडिओ ‘लहान मुलांसाठी बनवलेले’ म्हणून नोंदवलेले आहेत का? असतील तर एंड स्क्रीन मिळतच नाही. पहिली-दुसरीच्या कविता-पाढ्यांचं चॅनेल असेल तर वीस सेकंदांचं रिकामं चित्र कशाला ठेवता? सहा-आठ सेकंदांत निरोप घ्या.

एंड स्क्रीन मिळत असेल तर उजव्या अर्ध्या भागात एकाखाली एक दोन व्हिडिओंची जागा सोडा. डावीकडे वर घरी करायचा प्रश्न (पुन्हा `%s`), खाली सबस्क्राइबच्या गोल चिन्हाची जागा. रिकाम्या जागांभोवती चौकटी काढू नका. घटक तुमच्या चौकटीत पिक्सेलला पिक्सेल बसत नाही आणि कड बाहेर डोकावते. शिवाय पेनड्राइव्हवरून पाहताना हे घटक नसतातच. मग मोकळ्या चौकटी आणि ‘इथे क्लिक करा’ असे बाण भकास दिसतात. नुसती हलक्या पोताची पार्श्वभूमी ठेवलीत तर घटक असले काय, नसले काय, चित्र पूर्ण वाटतं.

दर आठवड्याला एंड स्क्रीन नव्याने मांडायची गरज नाही. स्टुडिओत `Import from video` ने मागच्या भागाची मांडणी जशीच्या तशी येते. आम्ही एका जागी त्या धड्याची प्लेलिस्ट आणि दुसऱ्या जागी सर्वात नवा व्हिडिओ ठेवतो. दुसरा घटक आपोआप बदलत राहतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा भागही आजच्या भागाकडे नेतो. व्हॉट्सॲपचा नंबर जिथे होता, तिथे आता हे आहे.

आणि या वीस सेकंदांत गप्प बसू नका. नुसतं संगीत वाजलं की पोरं निघून जातात. प्रश्न मोठ्याने वाचा.

## ६. मूळ प्रकल्प बांधा आणि कुलूप लावा

सगळं एका फोल्डरमध्ये, आणि फोल्डर एकदा ठेवला की हलवायचा नाही. फाइलींना मी रोमन नावं देतो. देवनागरी नावं काही जुन्या टीव्हीवर चौकोन होऊन दिसतात.

```
sacha/
  00-mool.kdenlive
  naav.kdenlivetitle
  hudda.kdenlivetitle
  vishay.kdenlivetitle
  prashna.kdenlivetitle
  intro-bg.mkv
  outro-bg.png
  logo.png
  sangeet.wav
  parvana.txt
  font/
```

`font` फोल्डर विसरू नका. शीर्षकाच्या फाइलीत फॉन्टचं फक्त नाव असतं. आमच्या सहकारी बाईंनी त्यांच्या संगणकावर प्रकल्प उघडला, तिथे ‘मुक्त’ नव्हता, दुसराच फॉन्ट गुपचूप लागला आणि हुद्दे पट्टीबाहेर गेले. कसलीही सूचना आली नाही. दुसऱ्या संगणकावर आधी फॉन्ट बसवायचा, मग प्रकल्प उघडायचा.

`00-mool.kdenlive` मध्ये इंट्रो, पट्टी, आउट्रो आपापल्या ट्रॅकवर मांडून ठेवा आणि फाइलीच्या गुणधर्मांत ती ‘फक्त वाचण्यासाठी’ करा. दर आठवड्याला ती उघडून लगेच `Save As`.

## ७. एक भाग प्रत्यक्ष: ‘भाकरी का फुगते?’

आमचा हा भाग ७ मिनिटं ४० सेकंदांचा आहे. मूळ प्रकल्प उघडून `bhakri.kdenlive` नावाने जतन केला. पहिली १२ सेकंदं तव्यावरची भाकरी टम्म फुगते आणि मागून प्रश्न येतो: “आत हवा कुणी भरली?” १२ ते १६ सेकंद इंट्रो, विषयाच्या `%s` जागी ‘भाकरी का फुगते?’

अन्नशास्त्राच्या प्राध्यापिका १ मिनिट ५ सेकंदांनी दिसतात. पट्टी १:०७ ला येते आणि १:१२ ला जाते. दोन सेकंद उशिरा, कारण नवा चेहरा आला की आधी चेहरा पाहिला जातो, मग वाचलं जातं. पाच सेकंद, कारण नाव आणि हुद्दा सावकाश दोनदा वाचून होईल एवढा तो वेळ आहे. त्यानंतर त्या थेट ५:३० ला परत येतात, तेव्हा पट्टी पुन्हा दाखवली. मजकूर तोच असल्याने इथे साधी कॉपी चालते.

७:२० ला आउट्रो. प्रश्न होता: ‘भाकरीला चीर पडली तर ती फुगेल का? का?’ सुरुवातीला मी ‘का’चं स्पष्टीकरणही तिथेच लिहायला गेलो होतो, तर ओळ उजव्या बाजूच्या व्हिडिओखाली जाऊन लपली. आउट्रोमधली ओळ साधारण पंचवीस अक्षरांत मोडा.

रेंडर झाल्यावर फाइल फोनवर घेतो, फोन उभा धरतो आणि चारच ठिकाणी थांबतो: ०:१४, १:०९, ५:३२, ७:२५. पूर्ण भाग तेव्हा पाहत नाही. भाकरीच्या वेळी १:०९ ला मागच्या आठवड्याच्या पाहुण्यांचा हुद्दा तसाच राहिलेला सापडला. नाव बदललं होतं, दुसरी क्लिप विसरलो होतो. आता मूळ साच्यात दोन्ही जागी खऱ्या नावाऐवजी ‘नाव लिहा’ आणि ‘हुद्दा लिहा’ असंच ठेवलं आहे.